निवेदक सांगतो, मग आजी तेच सांगतात

मुलाखत किती सुंदर झाली, याबद्दल दिग्दर्शक, कॅमेरामन आणि माइकची काठी धरून हात भरून आलेला मुलगा, या तिघांचंही एकमत असतं. मग ती मुलाखत कागदावर उतरते आणि संहितालेखकाच्या टेबलावर येऊन पडते. तिथे सुंदर असं काही सापडत नाही. सापडतात ती अर्ध्यावर सोडलेली वाक्यं, 'म्हणजे कसं', 'काय म्हणतात त्याला', 'ते आपलं हे', कंसातली कुत्री, कंसातल्या कुकरच्या शिट्ट्या आणि दर दोन पानांआड 'हे तेवढं कट करा हं'. ज्या वाक्याबद्दल बोलणारा हे म्हणालेला असतो, नेमकं तेच दिग्दर्शकाने पिवळ्या पेनाने रंगवून ठेवलेलं असतं आणि बाजूला लिहिलेलं असतं : 'मस्त!!'

संहितालेखकाचं काम सांगायला सोपं आहे. दहाअकरा तासांच्या या बोलण्यातून वीसेक मिनिटांचा माहितीपट उभा करायचा. बोलणाऱ्यांचे तुकडे निवडायचे. त्यांना या धंद्यात बाइट म्हणतात. ते एका क्रमाने लावायचे. आणि दोन बाइटांच्या मधे निवेदकाच्या तोंडी अशा ओळी घालायच्या, की पाहणाऱ्याला आपण एका माणसाच्या अंगणातून उठून दुसऱ्याच्या कचेरीत कधी येऊन बसलो हे कळूही नये. या ओळींना कोणी लिंक म्हणतं, कोणी व्हीओ, आणि निर्माता त्यांना 'ते मधलं मधलं' म्हणतो. मानधनाचा आकडाही तो त्याच सुरात सांगतो.

उदाहरणासाठी एक माहितीपट घेऊ. विषय बहात्तरचा दुष्काळ, गाव मराठवाड्यातलं, नाव राहू द्या. त्या वेळी महाराष्ट्रात सरकारी दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसं होती. कुणी रस्त्याची खडी फोडत होतं, कुणी नालाबंडिंगवर होतं, कुणी पाझर तलावाची माती वाहत होतं. आपल्या गावातही असा एक तलाव तेव्हा झाला. तो खणणारी चारसहा माणसं अजून आहेत. एक आजी, एक आजोबा, तालुक्याला राहणारे निवृत्त ओव्हरसिअर आणि पुण्याचे एक प्राध्यापक एवढी मंडळी आपल्याला पुरेत. माणसं भली आहेत, आठवणी खऱ्या आहेत, आणि उतरवलेले कागद दीडशेच्या वर आहेत.

पहिला धोका उतरवणाऱ्यापासूनच सुरू होतो. तासभराचं बोलणं नीट उतरवायला चारपाच तास सहज जातात. हे काम बहुधा पत्रकारितेच्या पहिल्या वर्षातल्या मुलाकडे येतं. त्याचं वय वीस, बालपण फ्लॅटमधलं, आणि कानात आजी. तो बिचारा प्रामाणिक असतो. जे कळत नाही तिथे तो '(अस्पष्ट)' असं लिहितो. अडचण अशी, की माणसाचा आवाज भरून येतो, खाली जातो किंवा तो मान फिरवून बोलतो तो नेमका महत्त्वाच्या जागी. त्यामुळे सोनं जिथे असतं तिथे कागदावर हटकून '(अस्पष्ट)' असतं. आजींच्या मुलाखतीतला हा तुकडा पाहा :

`00:14:05:00` 'प्रश्न : आजी, सुकडीबद्दल सांगा ना. — कशाबद्दल? — सुकडी. कामावर मिळायची ती. — हां, सुकडी. अगं चहा ठेव गं यांला. तर ती सुकडी… थांब, ती बाहात्तरला का त्र्याहत्तरला? आमचा मधला तव्हा रांगत व्हता. गोड लागायची बाबा. लेकरांला लई आवडायची. मी नाही खायची, लेकरांला न्यायची. (कुकरची शिट्टी.) मुकादम म्हणायचा, इथंच खा. नेऊ द्यायचा न्हाई. मग मी… (अस्पष्ट) …असं दिस काढले बघ.'

वरचा आकडा म्हणजे टाइमकोड : तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी फ्रेम. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेमा धरतात. तो कागदावर नसला तर हे दीडशे कागद रद्दीच्या भावाचे. असला तर लेखक हेडफोन लावतो, त्या जागी जातो, आवाज वाढवतो, तीनदा ऐकतो, आणि कंसातून आजी बाहेर येतात : 'मग मी तोंडाला लावल्यावानी करायची अन् पदरात टाकायची.' सगळ्या मुलाखतीत याच्या तोडीचं दुसरं वाक्य नाही. कागदावर विश्वासून जो संहिता लिहितो त्याच्या माहितीपटात फक्त 'असं दिस काढले बघ' उरतं, आणि दिवस सगळ्यांनीच काढलेले असतात.

आता इथे लिंक लिहायची आहे. नवखा लेखक पहिल्यांदा जे लिहितो ते जवळजवळ ठरलेलं असतं : 'दुष्काळाच्या त्या भीषण कालखंडात मातांनी स्वतः उपाशी राहून, मुकादमाची नजर चुकवून, आपल्या चिमुकल्यांसाठी सुकडी पदरात बांधून नेली.' हे झालं की आजी पडद्यावर येतात आणि सांगतात की त्या सुकडी पदरात टाकायच्या. पाहणारा म्हणतो, कळलं की. आजींचं पन्नास वर्षं जपलेलं वाक्य त्यांच्या आधी निवेदकानेच वापरून टाकलं, तेही 'भीषण' आणि 'चिमुकल्यां'सकट. या चुकीला वयाची अट नाही. साठीतले लेखकही ती करतात, कारण टेबलावर लिहिताना सगळ्यांत जवळ आणि सगळ्यांत चमकदार वस्तू आजींचं वाक्यच असते. हात तिकडे जातोच.

याचीच एक शांत पोटजात आहे. 'याविषयी आजी म्हणतात की', आणि मग आजी म्हणतात. आजी पडद्यावर आहेत, त्यांचं तोंड हलतं आहे, खाली पट्टीवर नाव आहे. त्या म्हणताहेत हे निवेदकाने जाहीर करण्याची वास्तविक गरज नसते. तरीही मराठी माहितीपटांतून 'म्हणतात की' वजा केलं, तर कित्येकांची लांबी मिनिटभराने कमी होईल.

लिंकने द्यायचं असतं ते बोलणाऱ्याने न दिलेलं. आजींना सुकडी म्हणजे काय हे सांगायची गरज वाटली नाही, कारण त्यांच्या लेखी ते कोणाला माहीत नसेल? आज पडद्यासमोर बसलेल्या पंचविशीतल्या माणसाला ते माहीत नाही. तेवढी फट भरायची आणि बाजूला व्हायचं.

निवेदन : या तळ्याच्या कामावर दुपारी सुकडी वाटत. गोडसर, कोरडी भुकटी. येईल त्याला मिळे. घरी राहील त्याला नाही.

आजी : मुकादम म्हणायचा, इथंच खा. नेऊ द्यायचा न्हाई. मग मी तोंडाला लावल्यावानी करायची अन् पदरात टाकायची.

निवेदन सोळा शब्दांचं आहे. त्यात 'आई' नाही, 'उपासमार' नाही, 'चिमुकले' तर नाहीतच. 'घरी राहील त्याला नाही' एवढं ऐकून पाहणाऱ्याच्या मनात घरी राहिलेलं रांगतं पोर आपोआप येतं, आणि आजी पदराशी पोचतात तोवर तो त्यांच्याही पुढे पोचलेला असतो. 'लेकरांला न्यायची' हे आजींनी स्वतः म्हटलेलं वाक्य लेखकाने याच हिशोबाने गाळलं आहे. दिग्दर्शक त्यावर एक दिवस रुसून बसतो. त्याच्या मते ते वाक्य 'इमोशनल' होतं.

मुळात निवेदक हवाच कशाला, असाही एक पक्ष आहे आणि त्याच्या बाजूला दिग्गज आहेत. क्लोद लान्झमान यांचा 'शोआ' (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे आणि त्यात निवेदक नाही. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनसाठी एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ साली 'आय ॲम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या वीस वर्षांच्या मुलामुलींना बोलतं केलं आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्याला असं भिडवलं, की मधली ओळ प्रेक्षकाच्याच डोक्यात तयार व्हावी. ज्याला हे जमतं त्याने जरूर करावं. पण त्यासाठी बोलणारे एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देणारे लागतात. आपले आजोबा सुकडीचा प्रश्न विचारला की बैलजोडी विकल्याचं सांगतात, आणि बैलांचं विचारलं की नातवाच्या नोकरीचं.

दुसऱ्या टोकाला फिल्म्स डिव्हिजनचाच तो जुना आवाज. १९४८ साली ही संस्था सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं चित्रपटगृहात मुख्य सिनेमाआधी तिचे माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. त्या आवाजाला धरणापासून कुक्कुटपालनापर्यंत प्रत्येक गोष्टीची खात्री असायची. शेतकरी पडद्यावर दिसायचा, हसायचा, मान हलवायचा; बोलायचा मात्र निवेदक. लोक तेवढ्या वेळात पॉपकॉर्न घेऊन यायचे. सामान्य माणसाला आपल्या तोंडाने बोलू द्यावं, ही कल्पना त्याआधीच लंडनमध्ये अमलात आली होती. १९३५ च्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स'मध्ये आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी यांनी जड कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाचं सामान गरीब वस्तीत नेलं, आणि तिथल्या बायाबापड्यांनी ढेकणांची नि उंदरांची कहाणी कॅमेऱ्याकडे बघत सांगितली. पैसे गॅस कंपन्यांच्या संघटनेचे होते, त्यामुळे नव्या घरांत गॅस कसा सोयीचा हेही ओघाने येतंच. पण उंदराला कसं मारलं हे सांगणारी त्यातली बाई आजही लक्षात राहते. गॅसबद्दल नेमकं काय म्हटलं होतं, ते आठवायला विचार करावा लागतो.

यातून एक वाटणी निघते, आणि बहुतेक अनुभवी लेखक ती पाळतात : माहिती निवेदकाने सांगावी, सोसलेलं सोसणाऱ्याने. वाटणी सोपी दिसते, पण प्राध्यापकांपाशी येऊन अडते.

प्राध्यापक सोसलेलं सांगत नाहीत. ते परिप्रेक्ष्य सांगतात. त्यांचं पहिलं वाक्य 'आपण जर या कालखंडाकडे एका व्यापक दृष्टिकोनातून पाहिलं तर' असं निघतं आणि साडेतीन मिनिटं कुठेही टेकत नाही. मधे 'परंतु' येतं, 'किंबहुना' येतं, 'अर्थात याला दुसरी बाजू आहे' येतं. पूर्णविराम येत नाही. त्यात वि. स. पागे येतात, १९६५ साली तासगाव तालुक्यात त्यांनी करून पाहिलेला प्रयोग येतो, १९७७ चा रोजगार हमीचा कायदा येतो, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला हेही येतं. सगळं बरोबर, सगळं कामाचं, पण कात्री लावायला जागा नाही. बाइट साधारण दहा ते पंचवीस सेकंदांचा चालतो. हे साडेतीन मिनिटांचं वाक्य मधेच तोडलं, तर प्राध्यापक 'किंबहुना'वर तोंड उघडं ठेवून गोठतात.

उपाय एवढाच, की प्राध्यापकांचं ज्ञान निवेदकाला द्यायचं आणि प्राध्यापकांकडून दुसरं काहीतरी घ्यायचं. ते दुसरं बहुधा मुलाखत 'संपल्या'नंतर असतं. दिवे बंद होतात, कॅमेरामन वायर गुंडाळायला लागतो, कॉलरवरचा माइक मात्र अजून चालू असतो, आणि प्राध्यापक रुमालाने मान पुसत साध्या मराठीत म्हणतात, 'माझी आईच जायची खडी फोडायला. मी सावलीला बसून पाढे म्हणायचो.' दहा सेकंद. परिप्रेक्ष्य नाही, किंबहुना नाही. लेखक त्यावर झडप घालतो. वापरण्याआधी दिग्दर्शकाने प्राध्यापकांना फोन करून विचारायचं असतं, कारण हे त्यांनी मुलाखतीत दिलेलं नाही. ते बहुधा हो म्हणतात, आणि लगेच विचारतात, 'पण पागेंचं ठेवलंय ना?' ठेवलेलं असतं. निवेदकाकडे, बारा सेकंदांत.

तुकडे निवडून झाले की क्रम. याला पेपर एडिट म्हणतात, आणि आता हे संगणकावर होत असलं तरी जुने लोक अजून जमिनीवरच करतात. एका चिठ्ठीवर एक बाइट, वर बोलणाऱ्याचं नाव, खाली टाइमकोड आणि सेकंद. मुलाखतीतल्या प्रश्नांच्या क्रमाने चिठ्ठ्या लावल्या तर परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतोय असं वाटतं : प्रश्न पहिला, चौघांची उत्तरं, प्रश्न दुसरा, चौघांची उत्तरं. त्याऐवजी घटनेच्या ओढीने लावायच्या. विहिरी आटल्या, जनावरं गेली, काम निघालं, मजुरी, सुकडी, पाऊस, आणि आजही असलेलं तळं. मग घरातली कामवाली बाई येते, पंखा फुल करते, आणि पाऊस सुकडीच्या आधी पडतो.

चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या की लोंबकळणारे शब्द दिसायला लागतात. आजोबा म्हणतात, 'मग ते आले अन् मोजून गेले.' मुलाखतीत त्याआधी दहा मिनिटं ओव्हरसिअरांचीच गोष्ट चालू होती, म्हणून तिथे 'ते' कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती दहा मिनिटं गाळल्यावर 'ते' अनाथ होतात, आणि आधीची चिठ्ठी जनावरांची असली तर बैल आले आणि मोजून गेले असा अर्थ होतो. म्हणून लिंकचा शेवट बाइटच्या पहिल्या शब्दाला हात देणारा लागतो : 'दर आठवड्याला तालुक्याहून ओव्हरसिअर यायचे.' आता आजोबांचं 'ते' सुखरूप घरी पोचतं.

कात्रीचा खरा कस मराठीच्या घडणीत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. आजोबांनी म्हटलं होतं, 'सरकारनं आमाला उपाशी मारलं असं काय मी म्हणनार न्हाई.' शेवटचं 'म्हणनार न्हाई' ते मान खाली घालून, तंबाखू मळता मळता पुटपुटले. संकलकाने आवाजाचा आलेख बघून, लाट बसली तिथे कापलं. उरलं, 'सरकारनं आमाला उपाशी मारलं असं'. 'असं' जरा विचित्र वाटलं म्हणून तेही काढलं. आता जे शिल्लक आहे ते कणखर आहे, खणखणीत आहे, प्रोमोला तर फारच चांगलं आहे, आणि आजोबा जे म्हणाले त्याच्या नेमकं उलट आहे. कोणाचा हेतू वाईट नव्हता. लेखकाने कागद आणि कापलेला आवाज एकदा शेजारी ठेवून ताडून पाहिला, म्हणून ते सापडलं. दोन वाक्यांची दोन टोकं जोडून तिसरंच वाक्य करण्याचा प्रकार याहून वाईट. ते कानालाही कळतं, कारण मधे कापलेल्या वाक्याचा सूर वर टांगलेला राहतो आणि पुढचा शब्द खालच्या पट्टीत सुरू होतो. सांधा लपवायला वर तळ्याचं दृश्य टाकतात. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून चित्र अचानक पाण्यावर गेलं, की जाणकार तिथे काहीतरी शिवलंय हे ओळखतो.

मजुरीच्या चिठ्ठीपाशी मात्र भांडणच लागतं. आजोबा सांगतात, 'दीड रुपाया पडायचा, तेवढाच.' ओव्हरसिअर सांगतात, 'तीन रुपयांपर्यंत जायची मजुरी. रेकॉर्ड आहे.' दोघांच्याही चेहऱ्यावर शंभर टक्के खात्री. इथे नवखा लेखक तीन मार्ग शोधतो. एकाला गाळायचं, हा पहिला. दुसरा, निवेदकाला न्यायाधीश करायचं : 'प्रत्यक्षात मात्र…' तिसरा सगळ्यांत वाईट, 'याबाबत मतमतांतरे आहेत'. ही ओळ लिहिली की लेखकाने चौकशी केली नाही एवढंच कळतं.

चौकशी केली तर उत्तर ओव्हरसिअरांच्याच गाळलेल्या पाऊण तासात सापडतं. मजुरी बहुतेक कामाच्या मापावर होती. खड्ड्याचं माप घ्यायचं, ते मोजमाप पुस्तिकेत चढवायचं, आणि टोळीचे पैसे टोळीत वाटून घ्यायचे. खडी असली तर ती ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ज्याच्या टोळीच्या वाट्याला मऊ माती आली त्याचा खड्डा भराभर वाढला. ज्याच्या वाट्याला मुरूम आणि खडक आला तो दिवसभर घण घालूनही दीड रुपयावरच राहिला. आजोबांच्या मुलाखतीत पान नऊवर, बैलांच्या गोष्टीत बुडालेलं एक वाक्य आहे : 'आमच्या वाट्याला निस्ता खडक.' ते आधी कोणीच रंगवलेलं नव्हतं.

आजोबा : दीड रुपाया पडायचा, तेवढाच. आमच्या वाट्याला निस्ता खडक.

निवेदन : पैसे माणसाला नव्हते, मापाला होते.

ओव्हरसिअर : टेपनं मोजायचो आम्ही. लांबी, रुंदी, खोली. मऊ मातीवाल्यांची तीन रुपयांपर्यंत जायची.

मधे पाच शब्द आहेत. कोणी खोटं ठरलेलं नाही, आणि दोन माणसं एका खोलीत कधी न बसता एकमेकांना उत्तर देतात. आजोबांच्या बाइटमध्ये दोन ठिकाणचे तुकडे जोडलेले आहेत, हे खरं. म्हणून लेखकाने त्यांच्यामधे तोच चेहरा ठेवून, किंचित थांबा सोडून, जोड दिसू दिला आहे. अर्थ बदलत नसेल तर इतपत चालतं. संकलकाला तो थांबा खटकतो. त्याला तळ्याचं दृश्य टाकायचं असतं.

एवढं झाल्यावर सेकंदांचा हिशोब. निवांत मराठी निवेदन सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास जातं. तळ्याचं दृश्य आठ सेकंदांचं असेल तर ओळ सोळा शब्दांची. यात वाद नाही, हे अंकगणित आहे. पण निर्मात्याला तळ्याची साठवणक्षमताही हवी असते, लाभक्षेत्रही, आणि जमलंच तर प्रायोजक बँकेचा उल्लेखही. ओळ चाळीस शब्दांची होते. डबिंगच्या खोलीत आवाजाचे कलाकार ती एका दमात म्हणून बघतात, दुसऱ्यांदा जरा पळतात, आणि तिसऱ्यांदा शेवटच्या स्टॉपला गाडी लावायची घाई झालेल्या कंडक्टरसारखे ऐकू येतात. मग सगळे लेखकाकडे बघतात. लेखक साठवणक्षमता खोडतो. बँक राहते.

डबिंगच्या खोलीत आणखी एक गोष्ट कळते, जी कागदावर कळत नाही : 'सदर', 'अंतर्गत', 'मोठ्या प्रमाणावर' हे शब्द डोळ्यांना चालतात, जिभेला नाही. आणि 'वसलेलं'. महाराष्ट्रातलं एकही गाव माहितीपटात नुसतं नसतं. ते कशाच्या तरी कुशीत किंवा काठावर वसलेलं असतं. आपलं गाव कुशीत नाही, काठावरही नाही. ते फाट्यापासून आत उजाड माळावर आहे, आणि म्हणूनच तिथे दुष्काळ होता. पण दिग्दर्शकाच्या आग्रहाखातर ते पहिल्या कच्च्या प्रतीत बालाघाटच्या कुशीत वसलं होतं. नंतर लेखकाने त्याला तिथून उठवलं.

शेवटी निवेदन बंद ठेवून, फक्त बाइट आणि आसपासचे आवाज लावून माहितीपट एकदा चालवायचा. जिथे पाहणारा गोंधळतो तिथली ओळ हवी. जिथे गोंधळत नाही तिथली, कितीही चांगली जमलेली असली तरी, काढायची. आपल्या माहितीपटात पावसाच्या प्रसंगावर एक ओळ होती, लेखकाच्या विशेष आवडीची. ती बंद असताना नुसता पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू आला आणि मग आजी म्हणाल्या, 'त्या दिशी कोणीबी कामाला गेलं न्हाई.' ओळ गेली. लेखकाने ती वहीत उतरवून ठेवली आहे, पुढच्या एखाद्या पावसासाठी.

पहिला खेळ गावातच झाला, शाळेच्या पटांगणात पांढरा कपडा लावून. आजी पहिल्या रांगेत. सुकडीच्या जागी बाया हसल्या, कारण पदरात टाकणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या असं दिसलं. ओव्हरसिअर तालुक्याहून मुद्दाम आले होते आणि टेपचा बाइट आल्यावर शेजाऱ्याला म्हणाले, 'लांबी, रुंदी, खोली. बघा.' आजोबांची मुलाखत दोन तास चालली होती. पडद्यावर ते एकवीस सेकंद होते. त्यांनी ते शांतपणे पाहिले. पण मधेच निवेदकाचा भारदस्त आवाज तालुक्याहून ओव्हरसिअर दर आठवड्याला यायचे असं सांगू लागला, तेव्हा मात्र ते उठून उभे राहिले आणि मागच्या रांगेतल्या दिग्दर्शकाला सगळ्यांसमोर म्हणाले, 'अहो, हे मी सांगितलं होतं. हा कोण मधेच?'